फर्ग्युसनचं नाव कशावर उभं राहिलं?

ऊर्जानगरला यापूर्वी दोनदा बोललो आहे, तेव्हा विषय मी निवडला होता. या वेळचा विषय आपल्याच भागातल्या एका संस्थाचालकांनी दिला. ते म्हणाले, "सर, आमच्या कॉलेजचे प्रवेश दरवर्षी घटतायत. मुलं नागपूरला जातात. आता ब्रँडिंग करायचं ठरवलंय, होर्डिंग लावायचे. तुम्ही तत्त्वज्ञानवाले, ब्रँडवर काही बोला." मी म्हटलं, ब्रँडवर बोलायला मला जमणार नाही. पण कॉलेजचं नाव कसं तयार होतं याची एक जुनी गोष्ट मला ठाऊक आहे, ती सांगतो. होर्डिंगचं काय करायचं ते नंतर बघू.

गोष्ट पुण्याची आहे. 1880 च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. गोपाळ गणेश आगरकर पुढच्या वर्षी, एम.ए. झाल्यावर आले. हा इतिहास आपण राष्ट्रीय शिक्षणाचा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेही. पण आज जरा कारकुनाच्या नजरेनं पाहा. पुण्यात त्या वेळी सरकारी हायस्कूल होतं. खाजगी शाळाही होत्या, त्यातली वामन प्रभाकर भावे प्रभृतींची शाळा तर वीस वर्षांची झाली होती. कॉलेज म्हणाल तर सरकारी डेक्कन कॉलेज होतं, नदीपलीकडे येरवड्याला, दगडी इमारतीत. म्हणजे बाजार रिकामा नव्हता. नव्या मंडळींकडे इमारत नव्हती, पैसा नव्हता, सरकारचा शिक्का नव्हता. मग पालकांनी मुलं पाठवावी का?

इथे थोडं थांबतो. कॉलेज विकत घेणं आणि कांदे विकत घेणं यात फरक काय? कांदा हातात घेऊन दाबून बघता येतो. हॉटेल एकदा जेवून कळतं. पण शिक्षण चांगलं होतं की वाईट हे तीन-चार वर्षं देऊनसुद्धा नीट कळत नाही, कारण दुसऱ्या कॉलेजात गेलो असतो तर काय झालो असतो हे कोणाला ठाऊक? शिवाय ही खरेदी माणूस एकदाच करतो. फसलो तर पुढच्या वेळी दुसरीकडे घेईन, असं म्हणायची सोय नाही. अर्थशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात अशा वस्तूंना वेगळं नाव दिलं: ज्यांची प्रत विश्वासावरच घ्यावी लागते अशा वस्तू. डॉक्टरचा सल्ला त्यातलाच, गाडीची दुरुस्तीही त्यातलीच. अशा बाजारात चांगला आणि वाईट दोघेही "आम्हीच चांगले" म्हणतात, आणि म्हणायला दोघांनाही सारखाच खर्च येतो. म्हणून त्या म्हणण्याला किंमत उरत नाही. किंमत येते ती अशा कृतीला, जी चांगल्याला परवडते आणि वाईटाला परवडत नाही. ही एवढीच किल्ली हातात ठेवा. आता पुण्याला परत जाऊ.

चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते, रत्नागिरीला. ती नोकरी सोडून ते आले. टिळक एलएल.बी. झालेले, वकिली करू शकले असते. आगरकरांची घरची गरिबी सगळ्यांना माहीत होती, एम.ए. झालेल्या माणसाला तेव्हा सरकारात चांगली जागा मिळे. टिळकांनी पहिल्या वर्षी पगारच घेतला नाही. पुढे 1884 च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा या त्यागाला त्यांनी नियमाचं रूप दिलं. आजीव सदस्य व्हायचं तर वीस वर्षं संस्थेला द्यायची, आणि पगार पंचाहत्तर रुपयांच्या आसपास. विम्याची सोय केलेली, म्हणजे मध्येच काही झालं तर घर उघड्यावर पडू नये.

याला आपण त्याग म्हणतो आणि हात जोडतो. पण पालकाच्या बाजूनं पाहा. बुधवार पेठेतल्या एखाद्या कारकुनाला मुलगा कुठे घालायचा ते ठरवायचंय. त्याला शिक्षणशास्त्र कळत नाही. पण एवढं कळतं, की हा मास्तर सरकारी नोकरी सोडून आलाय, आणि पुढची वीस वर्षं इथेच राहायचं कबूल केलंय. वाईट शाळा काढून पळून जाणारा माणूस असलं काही कबूल करणार नाही. ती सही हीच जाहिरात होती, आणि तिची नक्कल करता येत नव्हती, कारण नक्कल करायची तर खरोखर वीस वर्षं द्यावी लागत.

आता तुमच्यातला कोणी विचारेल, आज अशी शपथ कोण घेतं? बरोबर आहे, कोणी घेत नाही, आणि घ्यावी असं माझं म्हणणंही नाही. पण याची उलट बाजू रोज दिसते. आपल्याकडच्या किती खाजगी कॉलेजांत अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत, आणि दर जूनला चेहरे बदललेले असतात? पोराला बाकी काही कळत नसेल, पण पहिल्या वर्षी गणित शिकवणारे सर दुसऱ्या वर्षी नाहीत, हे कळतं. ते घरी जाऊन सांगतं. पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ दुसरीकडे जातो. होर्डिंग त्याला अडवत नाही.

दुसरी गोष्ट निकालाची. इथे मला वामन शिवराम आपटे यांच्याबद्दल जरा जास्त बोलायचंय, कारण टिळक-आगरकरांच्या उजेडात हा माणूस दिसत नाही. कोशकार आपटे तेच. ते पहिल्याच वर्षी शाळेत आले, शाळेचं रोजचं काम त्यांच्याकडे आलं, आणि पुढे फर्ग्युसनचे ते पहिले प्राचार्य. शिस्तीचे, संस्कृताचे पक्के. आता त्या वेळची व्यवस्था लक्षात घ्या. मॅट्रिकची परीक्षा शाळा घेत नसे, मुंबई विद्यापीठ घेई. सरकारी शाळेचा मुलगा, मिशनरी शाळेचा मुलगा आणि या नव्या शाळेचा मुलगा, तिघांना एकच प्रश्नपत्रिका, आणि तपासणारा या तिघांपैकी कोणाचाच नाही. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांसाठी जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाच्या शिष्यवृत्त्या होत्या. त्या सगळ्या इलाख्यातून मिळत आणि नावं जाहीर होत. न्यू इंग्लिश स्कूलच्या मुलांनी पहिल्या काही वर्षांतच त्या पटकवायला सुरुवात केली.

आपटे संस्कृताचे होते आणि शिष्यवृत्ती संस्कृताची होती, हा निव्वळ योगायोग म्हणायला मी तयार नाही. सगळ्याच विषयांत पुढे जाण्याइतकं बळ नव्या शाळेकडे नव्हतं. एका विषयात उत्तम माणूस होता, आणि त्या विषयाला इलाखाभर दिसणारी कसोटी होती. तिथे जोर लावला. आपटे, आणि नंतर आलेले गोपाळ कृष्ण गोखले, यांनी पाठ्यपुस्तकंही लिहिली. आपट्यांचं संस्कृत रचनेवरचं, गोखल्यांचं अंकगणिताचं. ही पुस्तकं ज्यांनी पुण्याचं तोंड पाहिलं नव्हतं अशा मुलांच्या दप्तरात गेली. तिथल्या मास्तरला न सांगताच कळलं की या संस्थेत शिकवतात कसं.

1882 च्या सप्टेंबरात सरकारच्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर शाळा पाहायला आले. आपल्या पाहणीत देशभरात या तोडीची संस्था आढळली नाही, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं. नामजोशी मंडळी पुढे हे वाक्य वापरल्याशिवाय कशी राहतील? वापरलंच. पण शिष्यवृत्त्या आधी आल्या आणि हंटर मागून आले, तो क्रम विसरू नका. आज उलटं चालतं. आधी पुरस्कार येतो, कुठल्याशा पंचतारांकित हॉटेलातल्या समारंभात, बहुधा पैसे भरून, आणि निकालाचं नंतर बघू.

आता थोडी कबुली देतो. मी ज्या कॉलेजात होतो, नाव घेत नाही, तिथे एका वर्षी माहितीपुस्तिकेत छापलं होतं, "नव्वद टक्के विद्यार्थ्यांना नोकरी". समितीत मी होतो, माझी सही आहे त्यावर. आकडा खोटा नव्हता, ही त्यातली गंमत. कसा येतो हा आकडा, ते सोपे आकडे धरून सांगतो. समजा एकशेवीस मुलांनी प्रवेश घेतला. पहिल्या वर्षानंतर वीस गळाली. शंभरातली ऐंशी शेवटी पास झाली. कंपनीच्या मुलाखतीला बसायचं तर अमुक टक्के हवेत, म्हणून पात्र ठरली चाळीस. त्यातल्या छत्तीस जणांना पत्र मिळालं. छत्तीस भागिले चाळीस, नव्वद टक्के. पण ज्या बापानं जूनमध्ये फी भरली त्याचा मुलगा चाळिसातला नव्हता, तो एकशेवीसातला होता. त्याच्यासाठी आकडा तीस टक्के होता. वर त्या छत्तिसातले किती जण सहा महिन्यांनी नोकरीत होते, हे आम्ही कोणी विचारलंच नाही.

तुमच्यात बरेच जण वीज केंद्रातले आहेत, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. संचाच्या पाटीवर पाचशे मेगावॅट लिहिलेलं असतं. वर्षाकाठी त्यानं खरोखर किती वीज दिली, कोळसा ओला होता, बॉयलरची नळी फुटली, संच किती दिवस बंद होता, हे भारांकावरून कळतं. पाटी वाचून तुम्ही कधी वर्षाच्या उत्पादनाचा हिशेब मांडाल का? कॉलेजात मात्र आपण पाटी वाचून पोराला घालतो.

जाहिरातींवर देखरेख ठेवणारी जी परिषद आपल्या देशात आहे, तिचा शिक्षणसंस्थांसाठी एक साधा नियम आहे: इतक्यांना नोकरी लागली असं छापायचं, तर त्या वर्गातून एकूण किती मुलं बाहेर पडली तेही छापा. आणि इमारतीचं चित्र दाखवायचं तर ती इमारत आज उभी असली पाहिजे. नियम चांगला आहे. पण "बाहेर पडली" या शब्दात गळालेली वीस येत नाहीत. म्हणून माझी सूचना त्याहून कडक आहे. भाजक नेहमी प्रवेशाचा धरा. आणि ज्यांचा पत्ताच लागला नाही अशी मुलं वेगळ्या रकान्यात, "माहीत नाही" म्हणून दाखवा. तो रकाना पाहून पालक बिचकेल असं संस्थाचालकांना वाटतं. मला उलट वाटतं. जो स्वतःहून "हे मला माहीत नाही" म्हणतो, त्याचं उरलेलं माणूस खरं मानतो.

तिसरं, इमारत. फर्ग्युसन कॉलेज 2 जानेवारी 1885 ला सुरू झालं ते गद्रे वाड्यात. वाडा म्हणजे वाडाच. आज ज्याला कॅम्पस म्हणतात त्याचा मागमूस नाही. पुण्याच्या पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी स्वतःच्या इमारतीत कॉलेज गेलं ते 1895 मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. त्यासाठीचा पैसा वर्गण्यांतून जमला. गोखले सुट्टीत गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत. डेक्कन कॉलेजची दगडी इमारत याच्या कितीतरी आधीपासून होती. तरीही मुलं वाड्यात येत होती. शहरातच होता, पायी येता येई, ही सोयही त्यात असणार. सगळंच श्रेय तत्त्वांना देऊ नये.

नावाचं मात्र नवल आहे. केसरी आणि मराठा चालवणारी माणसं, त्यातले दोघे कोल्हापूर प्रकरणात 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून आलेले, आणि कॉलेजला नाव दिलं मुंबईच्या गव्हर्नरचं, सर जेम्स फर्ग्युसन यांचं. मला विद्यार्थी असताना याचा राग यायचा. आता वाटतं, हा हिशेब होता. तुरुंगात जाऊन आल्यामुळे शहराचा विश्वास होताच. पण मुलगा सरकारी नोकरीत लागावा ही पालकाची इच्छाही खरी होती, आणि या मंडळींच्या कॉलेजात घातलं तर पोरगं राजद्रोही ठरेल ही धास्तीही खरी होती. गव्हर्नरच्या नावानं ती धास्ती कमी झाली. संस्थेच्या पाठीशी वेडरबर्न आणि वर्ड्‌स्वर्थ यांच्यासारखी युरोपीय माणसंही होती. एकाच संस्थेनं दोन वेगळ्या भीतींना दोन वेगळी उत्तरं दिली. नाव गव्हर्नरचं, माणसं टिळक-आगरकर.

आणि मग याच माणसांत फूट पडली, तेही सांगितलं पाहिजे. आजीव सदस्यानं बाहेरून उत्पन्न घ्यावं का, बाहेरची कामं स्वीकारावीत का, यावर वाद पेटला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा तो टोकाला गेला. टिळकांचं म्हणणं, सगळा वेळ संस्थेचा. 1890 च्या डिसेंबरात त्यांनी राजीनामा दिला. संस्थेचा सगळ्यात मोठा चेहरा बाहेर पडला. आजचा कोणी सल्लागार असता तर म्हणाला असता, ब्रँड संपला. तो संपला नाही. 1892 मध्ये आपटे वारले, आगरकर प्राचार्य झाले, 1895 मध्ये तेही गेले. तरीही कॉलेज चाललं. माझी समजूत अशी, की विश्वास माणसांवरून हळूहळू नियमावर सरकला होता. वीस वर्षांची सही टिळकांनी मोडली, पण ती सही करणारे मागून येत राहिले.

त्यातले एक रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. फर्ग्युसनचेच विद्यार्थी. सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि 1899 मध्ये गणितात सीनियर रँग्लर झाले, म्हणजे त्या परीक्षेत सर्वांत वरचे. असा माणूस हिंदुस्थानात कुठेही मोठ्या पगारावर लागला असता. ते परत आले ते त्याच थोड्या पगाराच्या नियमावर, आणि 1902 पासून वीसहून अधिक वर्षं प्राचार्य राहिले. परीक्षेतल्या यशाइतकंच हे परत येणं पालकांना दिसलं असणार. शिकून बाहेर पडलेला माणूस त्याच संस्थेत परत येतो का, आपला मुलगा तिथेच घालतो का, हे विचारायला सोपं आहे. आपल्या कॉलेजातल्या प्राध्यापकांची मुलं कुठे शिकतात, हे एकदा विचारून पाहा. (हशा) हसू नका, पालक विचारतात.

आतापर्यंत मी एकाच बाजूनं बोललो. दुसरी बाजू याच 1882 सालात आहे. हंटर आयोगापुढे त्याच वर्षी पुण्याच्याच महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष. हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलवर ज्यांचा विश्वास होता ते पुण्यातले एका विशिष्ट वर्तुळातले पालक होते. संस्कृतातली शिष्यवृत्ती कोणाच्या घरात आदराची होती? एकमेकांना ओळखणारे, वर्तमानपत्र वाचणारे, मास्तर कोण आहे याची चौकशी करू शकणारे लोक ते. विश्वास तपासून घ्यायची साधनं त्यांच्याकडे होती.

आपल्याकडे, भामरागड-एटापल्लीकडच्या किंवा जिवती-कोरपन्याच्या घरातल्या पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या बापाकडे यातलं काय आहे? त्याच्यापुढे एक एजंट येतो, मोबाईलवर बसचं, वसतिगृहाचं चित्र दाखवतो, शिष्यवृत्तीचे कागद आम्ही करू म्हणतो. खरंखोटं विचारायला त्याच्या ओळखीचं कोणी त्या कॉलेजात गेलेलं नसतं. जिथे तपासायची साधनं कमी, तिथे खोटं स्वस्त पडतं. म्हणून पुण्याची युक्ती उचलून इथे चिकटवता येत नाही.

मग या मातीतलं उदाहरण बघू, वरोऱ्याचं. बाबा आमट्यांनी 1951 मध्ये आनंदवन सुरू केलं. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी वरोऱ्यात कोणी घेईना, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे परदेशी स्वयंसेवक येऊन तिथे राहिले, राबले, तीच भाजी जेवले. ते गावानं डोळ्यांनी पाहिलं, आणि मग भाजी खपू लागली. आणि 1964 मध्ये त्याच आनंदवनाच्या आवारात आनंद निकेतन महाविद्यालय निघालं, पुढच्या वर्षी कृषी महाविद्यालय. नीट विचार करा. ज्या आवारात पाऊल टाकायला लोक भीत होते, तिथे गावातल्या धडधाकट घरांनी आपली मुलं शिकायला पाठवायची! जाहिरातीच्या शास्त्राप्रमाणे यापेक्षा वाईट जागा नाही. पण वरोरा परिसरातल्या मुलांना कॉलेज हवं होतं. मुलं आली, रोज आली, संध्याकाळी धडधाकट घरी गेली. भीती व्याख्यानानं गेली नसती, ती या रोजच्या येण्याजाण्यानं झिजली. अक्षर न ओळखणाऱ्या बापालाही शेजारच्या घरातली पोरगी रोज जाते आणि रोज येते, हे दिसतं. पुण्याच्या पालकाला निकालपत्र वाचता येत होतं. इथल्याला हे वाचता येतं.

म्हणून ज्यांनी मला बोलावलं त्यांना शेवटी एवढंच म्हणतो. होर्डिंगचे पैसे या वर्षी राहू द्या. एक वही घाला. प्रवेशाला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, तुला इथलं कोणी सांगितलं, आणि नाव लिहा: भाऊ, शेजारीण, आश्रमशाळेतले गुरुजी, एजंट, बोर्ड वाचून, जे असेल ते. पुढच्या जूनला पाहा, पहिल्या वर्षातून दुसऱ्यात किती आले, आणि जे आले नाहीत ते कोणाच्या सांगण्यावरून आले होते. माझा अंदाज आहे की एजंटाच्या रांगेत गळती जास्त निघेल. अंदाज चुकला तर मला कळवा. ज्या गावातून तीन-चार मुली टिकल्या असतील, त्या गावात दिवाळीच्या सुट्टीत त्याच मुलींबरोबर एक प्राध्यापक पाठवा. माहितीपुस्तिका नेऊ नका. बसचा शेवटचा फेरा किती वाजता आहे, वसतिगृहात रात्री कोण असतं, शिष्यवृत्ती खात्यावर कोणत्या महिन्यात जमा होते, आणि ती लांबली तर कॉलेज फीसाठी किती थांबतं, हे प्रश्न येतील. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जायच्या आधी संस्थेच्या बैठकीत ठरवून घ्या, कारण मुलीच्या बापापुढे बसलेल्या प्राध्यापकाला ते एकट्याला देता येणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेतो.